ढग मागे, चेहरा स्वच्छ

रिसॉर्टच्या मॅडमनी मला पहिला मेसेज पाठवला तो असा होता: ‘ताई, रंग असा उडाला पाहिजे की बघणाऱ्याच्या अंगावर आल्यासारखं वाटेल. पण चेहरे एकदम क्लिअर.’ त्यापुढे रंगांची, टाळ्यांची आणि नाचणाऱ्या बाईची अशी बरीच इमोजी होती. मी ‘हो’ म्हटलं. या दोन मागण्या एकमेकींच्या जिवावर उठलेल्या आहेत हे तेव्हा मी त्यांना सांगितलं नाही, कारण गिऱ्हाइकाला असलं काही सांगून फायदा नसतो.

मी भोरमध्ये आमच्या घराच्या पुढच्या खोलीत बसून जाहिराती करते. आधी लग्नाचे अल्बम करायचे, मग वाढदिवसांचे फ्लेक्स, आणि आता दोनेक वर्षं हे चित्रं बनवणारं मशीन. कॉम्प्युटरला शब्दांत सांगायचं, काय हवंय ते, आणि तो चित्र काढून देतो. त्या सांगण्याला प्रॉम्प्ट म्हणतात. आमच्या घरच्यांना वाटतं मी दिवसभर मोबाईलशी गप्पा मारते, आणि खरं सांगायचं तर त्यांचं फारसं चुकत नाही.

रिसॉर्ट वेल्ह्याच्या पलीकडे, पानशेतच्या पाण्याकडे उतरताना. पुण्याची माणसं तिथे शनिवारी येतात, चुलीवरची भाकरी खातात, बैलगाडीत बसून फोटो काढतात आणि रविवारी संध्याकाळी परत जाऊन लिहितात की गावाकडे किती शांत वाटतं. धुळवडीपासून रंगपंचमीपर्यंत तिथे ‘वसंत रंगोत्सव’ होणार होता. मागच्या वर्षी त्यांनी जाहिरातीत मशीनने बनवलेल्याच बाया घातल्या होत्या. गोऱ्यापान, एकसारख्या नाकाच्या, नऊवारी नेसलेल्या आणि तरी कासोटा नसलेल्या. लोकांनी जाहिरातीखाली कमेंटमध्ये हसून हसून पुरेवाट केली. म्हणून यंदा मॅडमना ‘ऑथेंटिक’ चेहरे हवे होते. तिथे स्वयंपाकाला, झाडलोटीला येणाऱ्या बायकांचे फोटो त्यांनी मोबाईलवर काढले आणि मला धाडले. ‘सगळ्यांना विचारलंय,’ असं वर लिहिलेलं होतं.

पहिल्या दिवशी मी सरळ लिहिलं: गावाकडच्या हसऱ्या बाया, रंगांचा मोठा स्फोट, सगळीकडे गुलाल. आलं ते चित्र बघून मलाच शिंक यायची. स्फोट म्हटला की मशीन अख्खं चित्र भरून टाकतं. बायांच्या जागी पिठात लोळवलेले गोळे दिसत होते. मग मी लिहिलं, चेहऱ्यावर रंग नको. तर चेहऱ्यांवर दुप्पट रंग. यात मशीनचा दोष नाही. ‘नको’ हा शब्द त्याला नीट कळत नाही, ‘चेहरा’ आणि ‘रंग’ मात्र बरोबर कळतात, आणि ते दोन्ही एकत्र आणून ठेवतं. जे नको ते सांगायचं नाही, जे हवं तेच सांगायचं, हे या कामात पहिलं शिकावं लागतं.

मग मी ढगाचे थर पाडले. बायांच्या मागे दाट ढग, कमरेच्या उंचीवरून उठणारा, डोक्यावर जाता जाता विरळ होणारा. दोन्ही बाजूंना मध्यम, मुठीतून नुकता सुटलेला. आणि कॅमेरा आणि चेहरे यांच्यामध्ये मोकळी, स्वच्छ हवा. केसांवर आणि खांद्यांवर थोडी पूड, गालावर रंगाचं एखादं बोट. ‘धूर’ आणि ‘धुकं’ हे शब्द मी आधी दाटपणा दाखवायला वापरले होते, ते काढले, कारण ते आले की सगळ्या चित्रावर दुधाळ पडदा चढतो. त्याऐवजी कोरडी पूड, सुटे कण असं लिहिलं. उजेड मागून तिरपा घेतला, म्हणजे ढग पेटल्यासारखा उजळतो, आणि चेहऱ्यांवर समोरून सौम्य. बाया पाच होत्या त्या तीन केल्या. चेहरे लहान राहिले की मशीन डोळे-नाक कालवून टाकतं, म्हणून माणसं कमी आणि जवळ. मग चित्राचा क्रमांक धरून ठेवून, म्हणजे मूळ मांडणी हलत नाही, एकावेळी एकच शब्द बदलत गेले. ‘दाट’चं ‘मध्यम’ केलं की काय होतं, ‘स्फोटा’ची ‘उसळी’ केली की काय होतं. शेवटी नुसत्या चेहऱ्यांचा भाग निवडून, खऱ्या फोटोंचा आधार देऊन, तेवढाच पुन्हा रंगवून घेतला. तेव्हा कुठे जमलं.

जमलं म्हणजे काय सुरेख जमलं. हे मी कौतुकाने लिहीत नाही, पण खोटं कशाला बोलू. मागे गुलाबी-पिवळा ढग उसळलेला आणि त्याच्यापुढे तीन बाया खळखळून हसतायत, एकेकीची पापणी मोजून घ्यावी. मधल्या बाईच्या डाव्या भुवईला आडवी खूण होती, जुन्या जखमेची. मशीन ती प्रत्येक वेळी पुसायचं. मी हट्टाने ती परत आणली. चेहरा ‘क्लिअर’ म्हटला की ते माणसाला गोरंही करतं, म्हणून उन्हाने रापलेली कातडी असं वेगळं लिहावं लागलं. मॅडमनी त्यावर विचारलं, ‘थोडं ब्राइट नाही का होणार?’ मी म्हटलं, नाही होणार. पहिला वीट मला तिथे आला.

होळीच्या आठवड्यात मॅडमनी शेवटचं बघायला म्हणून रिसॉर्टवर बोलावलं. मी नसरापूरला उतरून वेल्ह्याच्या जीपमध्ये बसले आणि पुढे त्यांच्या गाडीने गेले. अंगणात शेणाने सारवलेला एक कोपरा पाहुण्यांच्या फोटोंसाठी राखलेला होता. त्याला दोरी बांधलेली, सारवण खराब होऊ नये म्हणून. बाकी सगळीकडे फरशी. पाठीमागे चुलीपाशी एक बाई भाकऱ्या थापत होती आणि तिने मान वर केली तर डाव्या भुवईला ती खूण.

ज्या चेहऱ्याशी इतके दिवस झटापट केली तो असा समोर, घामेजलेला, पिठाचे हात घेऊन बसलेला. मला लहान मुलासारखा आनंद झाला. मी जाऊन म्हटलं, “वहिनी, तुम्हाला एक गंमत दाखवू?” आणि मोबाईल पुढे केला.

तिने बघितलं. तिचा थापणारा हात परातीतच थांबला.

“ताई, ह्ये काय केलं?” ती हळू म्हणाली. “आमच्यात दुखवटा हाय.”

तिचा नवरा दिवाळीच्या आधी गेला होता. छातीत दुखतंय म्हणाला आणि वेल्ह्याला नेईस्तोवर संपला. आमच्या भागात घरात माणूस गेलं की त्यानंतरची पहिली होळी दुखवट्याची असते. होळीला त्या घरी पुरण शिजत नाही. रंगपंचमीला माहेरचं माणूस येतं, रंग टाकतं, आणि मग दुखवटा सुटतो. त्याआधी त्या घरातल्या कुणी रंगाला हात लावायचा नाही. बाईचं माणूस गेलेलं असेल तर रंग कपाळाला नाही, खांद्यावर टाकतात. मला या चालीबद्दल जे वाटतं ते वाटतं, पण ती चाल तिच्या घराची होती आणि तिला त्या घरात राहायचं होतं.

“किकवीवरनं माझा भाऊ येनार हाय पंचमीला,” ती म्हणाली. “त्यानं टाकायच्या आदी ह्ये आमच्या सासूनं, आत्याबाईंनी, बघितलं तर मला हितं कामाला कोन येऊ दील? त्या म्हनतील, नवरा जाऊन वरीस न्हाई झालं आन ही हाटेलात रंग खेळती. ताई, माझं त्वांड काडा त्यातनं.”

“फोटो काढताना त्यांनी विचारलं नव्हतं का तुम्हाला?”

“इचारलं की. फोटू काडू का म्हनाल्या. म्या म्हनलं काडा. भाकरी करतानाचा व्हता त्यो.”

खरंच भाकरी करतानाचाच होता. मिटलेले ओठ, धुराने बारीक झालेले डोळे. हसू मी लिहिलं होतं आणि दात मशीनने काढले होते.

मी तशीच मॅडमकडे गेले. त्या व्हरांड्यात वेताच्या खुर्चीत लिंबूपाणी पीत बसल्या होत्या. तिशीच्या, हुशार, कानात मोठ्या चांदीच्या रिंगा. वाईट बाई म्हणावं असं त्यांच्या वागण्यात काही नव्हतं, आणि त्यानेच मला जास्त त्रास झाला. मी सगळं सांगितलं. त्यांनी भुवया जोडून ऐकलं, ‘ओह, सो सॅड’ म्हणाल्या आणि लगेच उपाय काढला.

“मग तिच्या एकटीच्या चेहऱ्यावर ढग दाट करू ना. ओळखूच येणार नाही.”

“मॅडम, तिच्यावर रंग पडायला नको हाच तर प्रश्न आहे.”

“पण चेहरा दिसणार नाही. मग प्रॉब्लेम काय?”

त्यांनी माझा मोबाईल ओढला आणि त्यातल्या मशीनला स्वतःच लिहिलं. मधल्या बाईच्या चेहऱ्यावर गुलालाचा दाट लोट, असं. मशीनने बिनचूक करून दिलं. आता दोघी कडेच्या बाया लख्ख हसतायत आणि मधलीच्या तोंडावर कुणीतरी घमेलंभर गुलाल फेकलाय. तिचे केस, मान, पदर, सगळं लालेलाल. गुलालाच्या खालून दातांची एक ओळ दिसत होती. डोळे बुजलेले आणि दात तेवढे उघडे. जिला चिमूटभर रंग चालत नाही तिला लपवायला त्यांनी रंगातच पुरून टाकलं होतं.

“बघा, ओळखू येते का?” मॅडम समाधानाने म्हणाल्या.

“तिचं लुगडं येतं ओळखू. आणि हातात काचा दिसतायत.”

नवरा गेल्यावर बाईच्या हातात काचेच्या बांगड्या नसतात. त्या मशीनने भरल्या होत्या, दोन्ही हात कोपरापर्यंत हिरव्या चुड्याने. सण म्हटलं, बाई म्हटलं, त्याने बांगड्या भरल्या. कॉम्प्युटरच्या पडद्यावर इतके दिवस मी भुवईची खूण बघत बसले आणि चुडा मला खटकला नव्हता, कारण मला कुठे माहीत होतं. आता मॅडमना मी ते सांगितलं तर त्या म्हणाल्या, “अहो ताई, पण ती खरी ती नाहीचे ना. एआय आहे ते.”

जेव्हा ऑथेंटिक हवं तेव्हा ती खरी, आणि जेव्हा तिचं काही म्हणणं असतं तेव्हा ती एआय. असली सोय देवाने मलाही द्यायला हवी होती. मी त्यांना एवढंच म्हटलं की मी आज घरी जाऊन ही बाई पूर्ण काढते आणि दोघींचं चित्र पाठवते. त्या म्हणाल्या, “ठीक आहे, पाठवा.” चुलीपाशी जाऊन मी तिला सांगितलं की तुमचं तोंड निघालं, काळजी करू नका. तिने मान डोलावली आणि तव्यावरची करपलेली भाकरी बाजूला टाकली.

दोघींचं चित्र मी त्याच संध्याकाळी पाठवलं. मधली जागा ढगाला दिली, तिथे तो चांगला उसळला, चेहरे स्वच्छ. मॅडमचा अंगठा आला. माझ्या बाजूने काम संपलं.

रंगपंचमीला सकाळी मी कामासाठी नसरापूरला गेले होते. एसटीतून उतरले आणि समोर बघते तर चौकात, रसवंतीच्या शेजारी, दोन बांबूंवर ताणलेला फ्लेक्स. तिघींचा. मधली बाई माझ्याकडे बघून हसत होती. भुवईची खूण दुचाकीवरून जाणाऱ्यालाही दिसावी इतकी मोठी होती.

मी तिथूनच मॅडमना फोन लावला. त्या म्हणाल्या, “हो ताई, दोन्ही बघितले आम्ही. पण दोघींचं एम्टी वाटत होतं. त्या मावशींची स्माइल सगळ्यात भारी आहे. आमच्या मालक सरांनाही तीच आवडली.” आणि मग समजावणीच्या सुरात, “त्यांना आपण साडी देणार आहोत.”

मला शिसारी आली. मी म्हटलं, “मॅडम, हे चित्र आत्ताच्या आत्ता सगळीकडून उतरवा, नाहीतर मी तिच्या घरच्यांना घेऊन तुमच्या रंगोत्सवात येते, सगळ्या पाहुण्यांच्या समोर.” पाहुण्यांचं नाव काढल्यावर त्या नरमल्या. मोबाईलवरच्या जाहिरातीतून काढतो म्हणाल्या, फ्लेक्सचं बघतो म्हणाल्या, आणि यापुढे तुमच्याबरोबर काम करणं अवघड आहे असंही म्हणाल्या. मी फोन ठेवला तेव्हा लक्षात आलं की माझ्या शेजारी एक माणूस उभा राहून त्या फ्लेक्सकडे बघतोय.

पन्नाशीच्या आतला, पांढरी टोपी, हातात कापडी पिशवी. पिशवीतून नव्या लुगड्याची घडी आणि कागदाची एक पुडी दिसत होती. त्याने मला विचारलं, “तुमी आत्ता फोनवर हिच्याबद्दल बोलत व्हता न्हवं?”

“तुम्ही कोण हिचे?”

“भाऊ.”

मी त्याला सगळं सांगितलं, जितकं सोपं सांगता येईल तितकं. हा ढग खरा नाही. हिच्या अंगावर एक कणही पडलेला नाही. ही त्या वेळी भाकऱ्या करत होती. हिचा चेहरा घेऊन बाकीचं मशीनने काढलं. चुडासुद्धा. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि फ्लेक्सकडे बोट केलं.

“रंग खोटा. चुडा खोटा. मंग हसनं कुनाचं?”

“तेही मशीनचं.”

“त्वांड तर तिचंच हाय,” तो म्हणाला. “ल्हानपनी अशीच हसायची ती.”

मग त्याने पिशवी रसवंतीच्या बाकड्यावर ठेवली, रसवंतीवाल्याकडून कोयता मागून घेतला आणि फ्लेक्सच्या सुतळ्या कापल्या. फ्लेक्स खाली आला तसा त्याने त्याचे उभे-आडवे तुकडे केले आणि उसाच्या चोथ्याच्या ढिगावर टाकून दिले. कोयता पुसून परत केला. आम्ही दोघं वेल्ह्याच्या जीपमध्ये बसलो. मी का बसले हे मला कुणी विचारलं नाही. जीपमध्ये मी मोबाईल काढला आणि त्या कामाची चित्रं एकेक करून पुसली. तिघींची, दोघींची, गुलालात बुडवलेली, सगळी. कचऱ्याच्या डब्यातूनही पुसली. प्रॉम्प्टही पुसले. ढगाचे थर, मोकळी हवा, मागून तिरपा उजेड, सगळी हुशारी. मॅडमनी आधी धाडलेला चुलीपाशचा मूळ फोटो तेवढा ठेवला, आणि घरी कॉम्प्युटरवरचंही पुसायला मुलीला फोन करून सांगितलं. पुसताना मला बरं वाटत होतं. घाण हात धुतल्यावर वाटतं तसं.

तिचं घर रस्त्यापासून थोडं वर होतं. सासू ओट्यावर बसली होती, गुडघे जवळ घेऊन. आम्ही येताना दिसलो तरी ती उठली नाही. सून दाराच्या आत उभी होती, चौकटीला धरून. तिच्या चेहऱ्यावरून कळलं की बातमी आमच्या आधी पोचली आहे.

“रंग घिऊन आलाय व्हय पाव्हनं?” सासू म्हणाली. “उशीर केला. तुमच्या भनीचा रंग झालाय की आदीच. माझ्या पुतन्यानं मोबाईलवर दावला मला.”

भाऊ पिशवी धरून अंगणात उभा राहिला. सून आतून म्हणाली, “आत्याबाई, म्या न्हाई खेळले. म्या हसलेबी न्हाई.”

एका चाळिशीच्या बाईला आपण हसलो नाही याची शपथ घ्यावी लागत होती. ज्यांनी हसवलं ते तिकडे स्पीकर लावून रंग उधळत असतील. मला दोघांचाही तिटकारा आला, त्या रिसॉर्टचा आणि या ओट्याचाही. पण ओट्याशी भांडायला मी आले नव्हते. मी मोबाईलवर तो मूळचा फोटो उघडला आणि म्हातारीच्या हातात दिला.

तिने तो लांब धरला, मग जवळ आणला. मिटलेले ओठ, धूर, पिठाचे हात, मोकळी मनगटं. बराच वेळ ती त्या मनगटांकडे बघत होती.

“ह्यात न्हाई हसत.”

“नाही, मावशी. खरा फोटो हा. तो दुसरा बनवलेला.”

“कुनी बनवला?”

“मी. मला घरचं माहीत नव्हतं. हसऱ्या बाया असं मी लिहिलं. लिहिलं की मशीन तसं काढतं.”

“नुसतं लिवलं की?”

“हो.”

म्हातारीने मोबाईल परत दिला नाही. तशीच माझ्याकडे बघत राहिली. “मंग माझा ल्योक लिवा की,” ती म्हणाली. “लिवा, ओट्यावर बसलाय. त्योबी बसंल का हितं येऊन?”

फोटोत बसला असता. हेच तर मला सांगता येईना. भोरमध्ये वर्षश्राद्धाला लोक माझ्याकडे येतात, गेलेल्या वडिलांना नातवाशेजारी बसवून द्या म्हणतात, आणि मी बसवून देते. तेव्हा मला ते चांगलं काम वाटत आलं होतं. त्या ओट्यासमोर उभं राहून मला त्या सगळ्या फोटोंचीही किळस आली, आणि सगळ्यात जास्त या गोष्टीची की मी सुटकेचा श्वास टाकला होता. सुनेचा एक दमलेला, ओढलेला चेहरा माझ्यापाशी पुरावा म्हणून होता, याचा मला आनंद झाला होता.

म्हातारीने डोळे पुसले नाहीत, नाकच पुसलं, पदराने. मोबाईल माझ्याकडे सरकवला. “टाका, पाव्हनं,” ती म्हणाली. “टाका रंग. कामाला जाऊ दी तिला. पर त्या हाटेलात न्हाई.”

सून बाहेर आली आणि पाटावर बसली. भावाने पुडी सोडली. चिमटीत गुलाल घेऊन तिच्या उजव्या खांद्यावर टाकला, मग डाव्या. काही उडालं नाही. ढग वगैरे काही होत नाही चिमूटभर गुलालाचा, तो सरळ खाली पडतो. लुगड्यावर पडला तेवढा पडला, थोडा सारवणावर सांडला. मग त्याने म्हातारीच्या पायांवर टाकला आणि नमस्कार केला. म्हातारी म्हणाली, चहा ठेव गं. दुखवटा सुटला.

चहा झाल्यावर मी निघाले तेव्हा सून मला सोडायला पायवाटेपर्यंत आली. खांद्यावरचा रंग तिने झटकला नव्हता. दुसरं काम बघेन म्हणाली, नसरापूरला एका खानावळीत बाई हवी आहे असं भावाने सांगितलंय. मी म्हटलं बरं होईल. थोडं चाललो आणि ती थांबली.

“ताई, त्यो हसताना फोटू हाय का तुमच्याकडं?”

“नाही,” मी म्हटलं. “सगळे पुसून टाकले. एक पण ठेवला नाही. तुम्ही घोर लावून घेऊ नका.”

“बरं केलं,” ती म्हणाली. पण गेली नाही. “त्या दिसी तुमी दावला तवा म्या नीट बघितलाच न्हाई. निस्ता रंगच दिसला. आत्याबाईंच्या पुतन्यानं त्यास्नी दावला, मला न्हाई.” मग घराकडे एकदा बघून घेतलं आणि हलकेच विचारलं, “कशी दिसत व्हते म्या?”

त्या चेहऱ्याविषयी मी पानंच्या पानं लिहिली होती. डोळ्यांच्या कडेच्या सुरकुत्या किती, ओठ किती उघडे, उजेड कुठल्या गालावर. तिच्यापुढे मला त्यातलं एक अक्षर आठवेना. मी म्हटलं, “छान दिसत होतात.”

“म्हंजी कशी?”

“तुमचा भाऊ म्हणाला, लहानपणी अशाच हसायचात.”

“त्यानं बघितला?”

“हो.”

“दात दिसत व्हते का?”

“दिसत होते.”

तिने पदर उचलून तोंडावर धरला. त्याच्याखाली काय झालं ते मला दिसलं नाही. मग ती वळून घराकडे गेली, आणि मी जीपसाठी रस्त्यावर येऊन उभी राहिले.